व्हिडिओ टाकण्याआधी एवढं बघून घ्या

मैत्रिणींनो, समजा तुमच्या गटाने गव्हाच्या कुरडयांचा सहा मिनिटांचा व्हिडिओ काढलाय. चीक शिजवणं, साच्यातून घालणं, सगळं छान आलंय. मध्येच नातवंडं कुरडई मोडून खाताना दिसतात आणि मागे रेडिओवर सिनेमाचं गाणं चालू आहे. हा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचाय.

यूट्यूब आधी विचारतं की व्हिडिओ मुलांसाठी बनवलाय का. बऱ्याच जणींना वाटतं, यात मुलं आहेत, वाईट काही नाही, मग "हो" म्हणूया. इथेच फसगत होते. प्रश्न असा आहे की व्हिडिओ बघणारी मुख्यतः लहान मुलं आहेत का. बडबडगीतं असती तर हो. कुरडया बघणार बायका, म्हणून "No, it's not made for kids" निवडायचं. "हो" केलं की कमेंट बंद होतात, म्हणजे "किलोचा भाव काय ताई?" असं विचारायची सोयच राहत नाही. पुढची कार्डं आणि शेवटचा पडदाही मिळत नाही.

त्याच्याच खाली वयाचं बंधन असतं. "मुलांसाठी नाही" म्हणजे "फक्त मोठ्यांसाठी" असं नव्हे. अठरा वर्षांचं बंधन लावलं तर लॉगिन न केलेल्या माणसाला व्हिडिओ दिसतच नाही. कुरडईला ते कशाला हवं? तिथेही "No" च ठेवा.

कार्ड म्हणजे व्हिडिओ चालू असताना वर कोपऱ्यात येणारी छोटी पट्टी. "चीक कसा काढायचा ते मागच्या व्हिडिओत सांगितलंय" असं तुम्ही बोलता, त्याच क्षणाला तो व्हिडिओ जोडा. एका व्हिडिओत पाच कार्डं चालतात, पण एक-दोन पुरेत. ऑर्डरचा नंबर मात्र खालच्या वर्णनात लिहा.

शेवटच्या पडद्यावर पुढचा व्हिडिओ आणि सबस्क्राइबचं गोल चिन्ह येतं. तो शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच बसतो. त्यामुळे शूटिंग करतानाच शेवटी पंधरा-वीस सेकंद पाकिटं एका बाजूला मांडून बाकी जागा मोकळी ठेवा. नाहीतर चौकोन नेमका बोलणाऱ्या ताईच्या तोंडावर बसतो.

आता रेडिओ. दहा सेकंद गाणं चालतं, किंवा गायकाचं नाव लिहिलं की झालं, हे दोन्ही खोटं. मागे हळू वाजणारं गाणंही यूट्यूबचं यंत्र ओळखतं. म्हणून व्हिडिओ आधी "Private" ठेवा आणि "Checks" ची तपासणी पूर्ण होऊ द्या. तिथे हक्काचा दावा दिसला तर जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात, किंवा व्हिडिओ अडवलाही जातो. स्टुडिओतच तेवढा तुकडा कापता येतो किंवा गाणं काढता येतं. गाणं काढताना बोलणं बिघडलं का, ते ऐकून बघा. संगीत हवंच असेल तर यूट्यूबच्या "Audio Library" मधून घ्या. "No issues found" आलं तरी मालक नंतर दावा करू शकतो, म्हणून पुढच्या वेळी कॅमेरा सुरू करण्याआधी रेडिओच बंद करा.