स्वयंसेवक हवेत, पण कशासाठी?

रक्तदान शिबिराआधी मंडळाच्या ग्रुपवर ‘स्वयंसेवक हवेत’ एवढाच निरोप फिरतो आणि सकाळी सगळे फोटो काढायला हजर! निरोपात कामं नेमून द्यावीत. शिबिर नऊला असेल तर खाटा, टेबलं लावणाऱ्यांनी साडेसातला यावं. अर्ज भरून घ्यायला सुवाच्य अक्षराचे दोघे हवेत. रक्तदाता उपाशी आलाय का, हे त्यांनीच विचारायचं. सुई आणि तपासणी रक्तपेढीची माणसं बघतात, तिथे लुडबुड नको.

सर्वांत जबाबदार माणूस मात्र चहा-बिस्किटांच्या टेबलाशी बसवावा. ३५० मिलिलिटर रक्त दिल्यावर एखाद्याला भोवळ येते ती खाटेवरच येते असं नाही. उठून चालू लागल्यावरही येते आणि पडून डोक्याला लागतं. चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम आला की त्याला तिथेच आडवं करून पाय उंच करायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. दहा-पंधरा मिनिटं कुणालाही उठू द्यायचं नाही.

येताना पेन, पाण्याची बाटली आणि चार्ज केलेला मोबाइल आणा. स्वतः रक्त द्यायचं असेल तर आपलं काम संपल्यावरच द्या.