तीस मिली पाणी

मुंबईकरांना 26 जुलै 2005 विसरता येणार नाही. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि रस्तोरस्ती गाड्या बुडाल्या. तेवढा पाऊस रोज होत नाही. पण हिंदमाता किंवा मिलन सबवेला गाडी बंद पडायला तासाभराची सर आणि भरती पुरते. पाण्यात गाडी अडकू नये म्हणून काय करावं, हे सगळे सांगतात. मला बोलायचंय ते बंद पडल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाबद्दल. कारण त्याच मिनिटात माणूस सवयीने किल्ली फिरवतो आणि गाडीचं खरं नुकसान तेव्हा होतं.

इंजिनात पिस्टन वर येताना हवा दाबतो. चार सिलिंडरचं 1200 सीसीचं पेट्रोल इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला 300 सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो 11 असेल, तर पिस्टन अगदी वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरते फक्त 30 मिलिलिटर जागा, म्हणजे दोन मोठे चमचे. हवा त्या जागेत मावते, कारण ती दबते. पाणी जवळजवळ दबतच नाही. त्याहून थोडं जास्त पाणी आत असलं की पिस्टन वाटेतच अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. डिझेल इंजिनात ही जागा आणखी लहान असते, त्यामुळे तिथे त्याहूनही कमी पाणी पुरतं.

पाणी आत जायला बॉनेट बुडावं लागत नाही. हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड बऱ्याच गाड्यांत ग्रिलमागे असतं. समोरून बस आली की तिची लाट तिथपर्यंत चढते. कधी नुसती वायरिंग भिजूनही गाडी बंद पडते, पण आत बसून यातलं काय झालं ते कळत नाही. म्हणून दोन्ही वेळा वागायचं एकसारखंच. सेल्फ मारायचा नाही. इग्निशन पूर्ण बंद करायचं, कारण सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी ब्रेक सोडताच स्वतःच इंजिन फिरवू शकते. मग गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून उंचावर न्यायची. पाणी वाढत असेल तर गाडी सोडून आधी बाहेर पडायचं.

कुर्ल्यातल्या एका गॅरेजमध्ये मी पावसाळ्यात मुद्दाम जाऊन बसतो. तिथले मिस्त्री सर्वांत आधी एअर फिल्टरचा डबा उघडतात. कागद कोरडा, डब्याच्या तळाशी थेंब नाही, तर निम्मी काळजी मिटली. कागद ओला निघाला, तर बॅटरी सोडवतात आणि डिपस्टिक ओढतात. तेल दुधी नाही म्हणून हुरळून जाऊ नये. इंजिन फिरलं नसेल, तर पाणी तेलाखाली बसतं आणि फक्त पातळी चढलेली दिसते. त्यानंतर स्पार्क प्लग काढून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, इंजिन हाताने फिरवायचं. प्लगच्या भोकांतून पाणी उसळतं. तिथे दाब साठू शकत नाही, म्हणून काही वाकत नाही. पाना अडला तर जोर लावायचा नाही. पाणी निघून गेल्यावर तेल आणि ऑइल फिल्टर बदलून मगच सेल्फ.

तिथे पाहिलेली एक गाडी मला फार शिकवून गेली. मालकाने पाण्यातच दोनतीनदा सेल्फ मारला होता. नंतर गाडी सुरू झाली, चाललीही. फक्त आयडलला किंचित थरथरायची. मिस्त्रींनी कॉम्प्रेशन तपासलं. तीन सिलिंडरांत 12 बार, दुसऱ्यात 10. गॅसकेट गेलं असेल, असं मला वाटलं. त्यांनी प्लगच्या भोकातून बारीक सळई सोडली आणि प्रत्येक पिस्टन पूर्ण वर आणून खूण केली. तीन खुणा सारख्या, दुसऱ्या सिलिंडरची दीड मिलिमीटर वर, म्हणजे सळई तेवढी खोल गेली होती. रॉड वाकून आखूड झाला होता! पिस्टन पुरता वर येत नव्हता, म्हणून दाब कमी. असा वाकलेला रॉड काही महिने चालतो आणि एखाद्या दिवशी हायवेवर तुटून ब्लॉकला भोक पाडतो. पाण्यातून काढलेली गाडी सुरू झाली म्हणजे वाचली, हे मी तेव्हापासून मानत नाही. सळईची ही चाचणी करायला महागडं यंत्र लागत नाही, तरी ती फार थोड्या ठिकाणी होते याचं मला वाईट वाटतं.

विम्याचंही सांगतो. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पाण्यात इंजिन फिरवल्याने झालेलं नुकसान बहुधा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कलम घ्यावं लागतं आणि त्यातही अटी असतात. गाडी हलवण्याआधी पाण्याच्या पातळीचा फोटो काढून ठेवा. आणि गॅरेजमध्ये कुणी ‘आधी चालू करून बघू’ म्हणालं, तर त्याला थांबवा आणि एअर फिल्टरचा डबा तुमच्यासमोर उघडायला लावा.