रखडलेल्या मुलाखतींतून माघार घेताना

चाकणमधल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यातली क्वालिटी इंजिनिअर घेऊ. दुसऱ्या एका कंपनीत तिची पहिली मुलाखत जूनमध्ये झाली, जुलैत तांत्रिक फेरी, ऑगस्टमध्ये प्लँट हेडशी भेट. त्यानंतर एचआरच्या मॅडमचं एकच पालुपद: ‘अप्रूव्हल यायचंय, या आठवड्यात कळवते.’ दिवाळी तोंडावर आली, तरी तो आठवडा काही उजाडला नाही. एव्हाना तिला तिसऱ्याच ठिकाणी नोकरी मिळाली आहे. आता या मंडळींना काय आणि कसं सांगायचं?

आधी हे रखडणं समजून घ्यायला हवं. कधी जागेचं बजेट अडकलेलं असतं. कधी पहिल्या पसंतीच्या उमेदवाराने होकार दिलेला असतो, पण त्याचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा असतो आणि तो ऐनवेळी फिरला तर हाताशी कुणी असावं म्हणून दुसऱ्याला नुसतं बोलण्यात ठेवतात. फोन नियमित येतात, पण पगाराचा विषय निघत नाही आणि सॅलरी स्लिपही मागत नाहीत, तेव्हा बहुधा आपण हा दुसरा उमेदवार असतो. एचआरमधल्या व्यक्तीच्या हातात यातलं फारसं काही नसतं, म्हणून राग तिच्यावर काढण्यात अर्थ नाही.

दुसरं, मनाशी स्पष्ट असावं की खरंच बाहेर पडायचंय की घाई करून घ्यायचीय. ही नोकरी अजून हवी असेल तर माघारीचं पत्र पाठवूच नये. ‘मला अमुक तारखेपर्यंत दुसरीकडे उत्तर द्यायचं आहे, तोवर आपला निर्णय कळेल का?’ एवढं विचारावं. माघारीची धमकी देऊन नंतर थांबणारा उमेदवार पुढच्या वेळी कुणी गंभीरपणे घेत नाही.

बाहेर पडायचं नक्की असेल तर आधी कुणाला सांगायचं, हेही महत्त्वाचं. या मुलीचं नाव तिच्या जुन्या कंपनीतल्या सरांनी सुचवलं होतं. त्यांना ही बातमी एचआरकडून कळली तर ते दुखावतील, म्हणून पहिला फोन त्यांना. मग एचआरला फोन आणि त्याच दिवशी मेल, तोही आधीच्या पत्रव्यवहाराच्या साखळीतच, म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही. कंपनीच्या पोर्टलवर अर्ज मागे घेण्याचं बटण असेल तर ते सगळ्यात शेवटी दाबावं. माणसांच्या आधी यंत्राला कळवणं बरं दिसत नाही.

मेल असा चालेल:

‘नमस्कार मॅडम, क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी केलेला अर्ज मी मागे घेत आहे. मी दुसऱ्या ठिकाणी रुजू होण्याचं नक्की केलं आहे. रिजेक्शन कमी करण्याविषयी प्लँट हेड सरांशी झालेली चर्चा मला फार उपयोगी वाटली. आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. पुढे योग्य जागा निघाली तर जरूर कळवावं.’

यात उशिराबद्दल एक अक्षर नाही. तक्रार खरी असली तरी मेल फॉरवर्ड होतो, जपून ठेवला जातो आणि दोन वर्षांनी पुन्हा अर्ज केल्यावर कुणीतरी तो उघडू शकतो. नव्या कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडाही नाही. चर्चेचं वाक्य मात्र मुद्दाम आहे. नुसते आभार कुणीही मानतं. नेमकी आठवण सांगितली की ते पत्र त्या माणसासाठी लिहिलेलं वाटतं. आज इथे असलेले प्लँट हेड उद्या भोसरीत किंवा रांजणगावात दुसऱ्या कंपनीत भेटू शकतात. शेवटचं वाक्य मात्र तिथे खरोखर जायचं असेल तरच लिहावं. कारणही खोटं देऊ नये. ‘घरची अडचण आहे’ लिहायचं आणि महिन्याभरात लिंक्डइनवर नवी नोकरी झळकवायची, हे लपत नाही.

मेल गेल्यावर फोन येतोच. ‘किती देतायत तिकडे? दोन दिवस थांबा, ऑफर तयारच आहे.’ इथे अनेकजण घसरतात. या मुलीने दुसरीकडे शब्द दिलाय, म्हणून तिने एवढंच म्हणावं: ‘मॅडम, मी तिकडे होकार कळवलाय, तो आता बदलणार नाही.’ पगाराचा प्रश्न हसून टाळता येतो. अर्ज कन्सल्टन्सीमार्फत गेला असेल तर आग्रह जास्त होतो, कारण बहुतेक कन्सल्टंटना पैसे उमेदवार रुजू झाल्यावरच मिळतात. त्यालाही तेच उत्तर द्यावं, आणि माघार कंपनीला कळवली का, याची लेखी खात्री मागावी. नाहीतर कंपनीकडे आपली नोंद ‘फोन उचलत नाही’ अशी राहायची.

हे सगळं ऑफर स्वीकारण्याआधीचं. ऑफर लेटरवर सही करून मग फिरणं हे वेगळं प्रकरण आहे. तिथे कंपनीने बाकी उमेदवारांना नकार कळवलेला असतो, आणि गोड शब्दांनी ते भरून निघत नाही.