तळातून चौथ्या क्रमांकावर

बंप चार्टमध्ये आडव्या अक्षावर फेऱ्या, उभ्या अक्षावर क्रमांक; पहिला क्रमांक सर्वांत वर. प्रत्येक संघाची एक रेघ. दहा रेघांचा गुंता होतो, म्हणून एखादीच रंगवावी, बाकीच्या करड्या ठेवाव्यात.

२०२४ च्या आयपीएलमध्ये रंगवावी ती बेंगळुरूची. पहिल्या ८ पैकी ७ सामने हरून ती तळाला रुतली, मग सलग ६ विजय मिळवत चौथ्या स्थानी चढली. पण इथेच आलेख फसवतो. चौथ्या बेंगळुरूपासून सातव्या लखनऊपर्यंत चारही संघांचे गुण १४च! क्रम ठरला निव्वळ धावगतीवर: बेंगळुरू ०.४५९, चेन्नई ०.३९२. रेघांमधली समान पायरी हे किरकोळ अंतर लपवते. रेघेच्या टोकाशी गुणही लिहिलेले बरे.