पैठणचा माल भडोचला का गेला?

शाळेतल्या इतिहासाच्या पडद्यावर प्राचीन व्यापारमार्ग बहुतेक वेळा एकाच रूपात येतात. जगाचा नकाशा, त्यावर चीनपासून रोमपर्यंत ओढलेली एक जाड लाल रेघ आणि बाजूला उंटांचे चित्र. मुले रेघ पाहतात, वहीत उतरवतात आणि पुढच्या धड्याला लागतात. ती रेघ तिथूनच का गेली, हे विचारायला त्या चित्रात जागाच नसते.

म्हणून असा पाठ करायचा तर आधी एक प्रश्न हवा, आणि नकाशा, कालरेषा व मालाचा तक्ता या तिन्ही स्लाइड त्या एका प्रश्नासाठी राबल्या पाहिजेत. महाराष्ट्रातल्या वर्गासाठी मला याहून चांगला प्रश्न माहीत नाही: दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा माल जवळचे कल्याण सोडून दूरच्या भडोचला का जात होता?

माल भडोचला जात होता हे आपल्याला एका छोट्या ग्रीक पुस्तकातून कळते. त्याचे नाव ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’. लिहिणारा इजिप्तमधला ग्रीक बोलणारा व्यापारी असावा. त्याने आपले नाव दिलेले नाही, काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचा. पुस्तक व्यापाऱ्यांसाठी आहे: कोणत्या बंदरात काय खपते, काय मिळते, कुठे गलबत रुतते. त्यात तो सांगतो की बरिगाझाच्या, म्हणजे भडोचच्या, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. या दोन्ही गावांचा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला उतरतो.

पहिली स्लाइड नकाशाची. तो जगाचा नको. नर्मदेच्या मुखापासून तेरपर्यंतचा पट्टा पुरे. त्यावर आजच्या राज्यांच्या सीमा पुसून टाकाव्यात, कारण त्या राहिल्या की मुले भडोच ‘परराज्यात’ आहे म्हणून लांब समजतात. ठेवायचे ते सह्याद्री, तापी, गोदावरी, नाणेघाट आणि पाच गावे: भडोच, कल्याण, जुन्नर, पैठण, तेर.

आता मुलांच्या हातात दोरा आणि पट्टी द्यावी. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर भरते. वीस दिवसांनी भागले तर दिवसाला सतरा-अठरा. पैठण ते तेर दीडशेच्या आसपास; दहा दिवसांनी भागले तर पंधरा. प्रत्यक्ष वाट वळणावळणाची, म्हणजे बैल याहून थोडे जास्तच चालत असणार. भरलेल्या बैलगाडीला हा वेग शोभतो, आणि दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येतात. त्या अनाम व्यापाऱ्याने दिवस बरोबर ऐकले होते. दिशांचे मात्र तसे नाही. पैठण भडोचच्या नीट दक्षिणेला नसून आग्नेयेला आहे, आणि तेरही पैठणच्या पूर्वेला नसून आग्नेयेलाच. हे मुलांना नकाशावर स्वतः सापडू द्यावे. एकच माणूस अंतराबाबत भरवशाचा आणि दिशेबाबत ढिला असू शकतो, कारण अंतर त्याने गाडीवानांकडून आलेल्या दिवसांच्या हिशेबात ऐकले आणि दिशा अंदाजाने लिहिली, असा तर्क इथे करता येतो.

मग पैठण ते कल्याण मोजावे. सरळ रेषेत दोनशे चाळीसच्या आतच. त्याच वेगाने चौदा-पंधरा दिवस. वाट जुन्नरवरून नाणेघाटात उतरते आणि ती वापरात होती याबद्दल शंका नाही: घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख कोरलेला आहे, वर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. एक अडचण जरूर आहे. घाटाची वाट कड्यातल्या अरुंद खिंडीतून खाली जाते, तिथे गाडी चालत नाही. माल बैलांच्या पाठीवर चढवावा लागतो. तेवढ्याने पाच-सहा दिवसांची बचत सोडावी असे वाटत नाही. शिवाय भडोच तरी कुठे सोपे बंदर होते? नर्मदेच्या मुखाशी वाळूचे उथळ पट्टे आणि भरतीचा जबरदस्त लोंढा. पेरिप्लस सांगते की राजाच्या नोकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे येत आणि परदेशी गलबतांना ओढत बंदरात नेत. म्हणजे खुष्कीची वाट लांबची आणि बंदरही धोक्याचे.

नकाशावरच्या रेघा ओढताना एक शिस्त पाळावी. नाणेघाटाची वाट जमिनीवर दिसते, तिथे सलग रेघ. पैठण ते भडोच वाट नेमक्या कोणत्या घाटाने उतरत होती हे पेरिप्लसने लिहिलेले नाही, तिथे तुटक रेघ. तयार नकाशांत सगळ्याच रेघा सलग असतात, आणि मुलांना सगळेच सारखे पक्के वाटते.

कोडे नकाशावर सुटत नाही. ते कालरेषेवर सुटते, म्हणून ती दुसरी.

कालरेषा इसवी सनापूर्वी १०० ते इसवी सन २०० एवढीच घ्यावी आणि शतकांना सारखे अंतर द्यावे. तयार पट्ट्यांत घटना समान अंतरावर मांडलेल्या असतात, मग दहा वर्षे आणि शंभर वर्षे सारखीच दिसतात. इसवी सनपूर्व १ नंतर थेट इसवी सन १ येते, शून्य वर्ष नाही, हेही इथेच सांगून टाकावे. पक्क्या तारखा ठिपक्यांनी दाखवायच्या. इसवी सनपूर्व ३० मध्ये रोमने इजिप्त घेतले आणि तांबड्या समुद्रातली बंदरे रोमच्या हाती आली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पॉम्पेई गाडले गेले. तिथे सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती त्यामुळे ७९ च्या आधीचीच. ज्यांच्या तारखा ठिपक्यात मावत नाहीत त्यांना पट्टा द्यायचा. नागनिकेचा लेख इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला धरतात, तिला पट्टा. पेरिप्लसलाही पट्टा. क्षत्रप नहपान याला तर रुंद पट्टा हवा, कारण त्याच्या काळातल्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे आहेत, पण ती कोणत्या संवताची यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

आता पेरिप्लसमधले कल्याणबद्दलचे वाक्य पडद्यावर आणावे, स्वतःच्या शब्दांत. थोरल्या सरगनसच्या काळी कल्याण ही कायदेशीर बाजारपेठ होती. पुढे ती सांदनेसच्या हाती गेल्यावर तिथला व्यापार अडवला गेला, आणि चुकून तिथे शिरलेल्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचला नेले जाते. सरगनस म्हणजे कुणी सातकर्णी, हे बहुतेकांना मान्य आहे. भडोचवर त्या वेळी ज्याची सत्ता होती त्याचे नाव पुस्तकात मांबानुस असे येते, आणि तो नहपान असल्याचे मानले जाते. वर्गात इथे कुणीतरी बोलतेच: म्हणजे नाकाबंदी! हो, नाकाबंदीच. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात जवळचे बंदर बंद झाले, आणि पैठणच्या गाड्या पाच-सहा दिवस जास्त चालून प्रतिस्पर्ध्याच्या बंदरात जाऊ लागल्या.

या झगड्याचा शेवट हातात धरता येतो, म्हणून त्याचे एक मोठे छायाचित्र लावावे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारला आहे. नाणे नीट पाहिले तर नहपानाच्या चेहऱ्याचे नाक आणि ओठ अजून दिसतात, आणि त्यांच्यावरूनच सातवाहनांचे डोंगराचे चिन्ह उमटलेले असते. एका राजाचे राज्य दुसऱ्याने घेतले, हे वाक्य मुले दहा वेळा वाचून विसरतात. हे नाणे विसरत नाहीत.

तिसरी स्लाइड मालाची. ‘भारतातून मसाले, रोममधून सोने’ एवढ्यावर भागवायची इथे सवय आहे. पेरिप्लसची यादी त्याहून कितीतरी रंगतदार आहे. भडोचला उतरे ते इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, कच्ची काच, मनशीळ, सुरमा आणि सोन्याचांदीची नाणी. भडोचहून चढे ते जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीक, तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड, रेशीम आणि पिंपळी. पिंपळी लिहिली आहे, काळी मिरी नाही, हे ठळक करावे. मिरी केरळच्या मुझिरिसहून जात असे. पिंपळी स्वस्त नव्हती. रोमन लेखक प्लिनी सांगतो की एका रोमन पौंडाला काळी मिरी ४ दिनार, तर पिंपळी १५. रेशीम मुळात चीनचे, भडोचला ते फक्त गलबतात चढे. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ‘कुठून आली’ हा रकाना लागतो तो यासाठी. पैठणचा म्हणून नोंदलेला माल अकीकाच्या जातीचा दगड, तेरचा म्हणून कापड.

तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा रकाना मात्र ‘पुरावा काय’ हा आहे, आणि तो बहुतेक पाठांत नसतोच. मद्य संपले तरी त्याचे रांजण फुटून खापरे उरतात. अकीकाचे मणी उरतात. कापड आपल्या पावसात आणि काळ्या मातीत कुजते. केवळ सापडलेल्या वस्तूंवरून तक्ता भरला तर दख्खन दारू पिणारा आणि मणी विकणारा प्रदेश वाटेल. आणि खापरेही फसवतात. पश्चिम भारतात पूर्वी रोमन मद्याचे म्हणून नोंदलेले कित्येक तुकडे पुन्हा तपासल्यावर मेसोपोटेमियाच्या लांबट रांजणांचे निघाले. ओळख सोपी आहे: रोमन रांजणाला दोन कान असतात, मेसोपोटेमियाच्या रांजणाला कान नसतात आणि आतून डांबराचा काळा थर असतो. असे रांजण बरेचसे नंतरच्या शतकांतले. संग्रहालयातल्या जुन्या पाटीवरून तक्ता भरला तर रोमचा व्यापार आहे त्याहून मोठा दिसतो.

कापडाचा पुरावा शोधायला दोन ठिकाणी जावे लागते. एक, इजिप्तमधले बेरेनिके बंदर. तिथल्या कोरड्या वाळूत भारतीय सुती कापडाचे तुकडे टिकले आहेत. तिथल्याच मंदिरात एका भारतीय रांजणात साडेसात किलोच्या आसपास काळी मिरीही मिळाली. ते कापड तेरचे असे म्हणता येत नाही, म्हणून रकान्यात ‘भारतीय’ एवढेच लिहावे. दुसरे ठिकाण नाशिकची लेणी. नहपानाचा जावई उषवदात याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. ठेवले ते गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे: दोन हजार एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस आणि हजाराचे साडेसात, हा हिशेब मुले तोंडी करतात. जावयाने राजघराण्याचा पैसा ज्यांच्याकडे कायमचा ठेवला, त्या विणकरांचे माग किती चालत असतील याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. तक्त्यात कापडापुढे ‘जमिनीत: काही नाही’ लिहिल्यावर त्याच्या शेजारी ‘दगडावर: नाशिक, लेणे क्रमांक १०’ असे लिहावे.