दोन तृतीयांशाचा हिशेब

आरोग्य विम्याची रक्कम दोन लाख आहे म्हणून सव्वा लाखाचं बिल पूर्ण मिळेल, असं नसतं. बऱ्याच पॉलिसींत विमा रकमेच्या आत आणखी दोन मर्यादा असतात. एखाद्या ठरावीक खर्चापुरती वेगळी कमाल रक्कम, म्हणजे सब-लिमिट. आणि मंजूर झालेल्या दाव्यातला ठरलेला टक्का रुग्णाने स्वतः भरायचा, तो को-पे. आधी सब-लिमिट लागते आणि उरलेल्या रकमेवर को-पे.

१ एप्रिल २०२०पासून सुरू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या पॉलिसीत दोन्ही मर्यादा आहेत. विमा नियामकाने ठरवून दिल्यामुळे तिच्या मूळ अटी सर्व कंपन्यांकडे सारख्याच आहेत. नर्सिंगसह खोलीभाड्यासाठी दिवसाला विमा रकमेच्या २ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये मिळतात. मोतीबिंदूसाठी एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातली कमी रक्कम मिळते. को-पे ५ टक्के.

जुईनगरच्या एका कुटुंबाकडे दोन लाखांची अशी पॉलिसी आहे आणि रुग्ण शस्त्रक्रियेसाठी नेरुळ किंवा वाशीच्या रुग्णालयात चार दिवस राहिला, असं उदाहरण घेऊ. खोलीची मर्यादा दिवसाला ४,००० रुपये; घेतलेली खोली ६,००० रुपयांची. बिलात खोलीचे २४,०००, सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटरचे ७२,०००, औषधं व तपासण्यांचे ३०,००० आणि पॉलिसीत न बसणाऱ्या किरकोळ वस्तूंचे ४,००० रुपये आहेत. एकूण १,३०,०००.

खोलीचे दिवसाला २,००० याप्रमाणे ८,००० रुपये कापले जातील, हे घरच्यांनी धरलेलं असतं. पण खरी कपात पुढच्या ओळीत होते. मान्य भाडं प्रत्यक्ष भाड्याच्या दोन तृतीयांश असल्याने सर्जन, भूल आणि थिएटरचा खर्चही दोन तृतीयांशच धरला जातो. म्हणजे ७२,०००चे ४८,०००. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूचा खर्च या प्रमाणात कापता येत नाही, असं नियामकाचं २०२०चं मार्गदर्शन आहे. म्हणून खोलीचे १६,०००, शस्त्रक्रियेचे ४८,००० आणि औषध-तपासणीचे ३०,००० मिळून ९४,००० रुपये मान्य होतात. त्यावर ५ टक्के को-पे म्हणजे ४,७०० रुपये वजा होऊन हाती ८९,३०० येतात. उरलेले ४०,७०० घरून भरावे लागतात.

या कपातीचं कारण रुग्णालयाच्या दरपत्रकात असतं. बऱ्याच ठिकाणी खोलीचा वर्ग वाढला की त्याच शस्त्रक्रियेचे डॉक्टर आणि थिएटरचे दरही वाढतात. इथे ४,००० च्या खोलीत शस्त्रक्रियेचा दर ४८,००० असता, तर एकूण बिल ९८,००० झालं असतं. कंपनीने तेव्हाही ८९,३०० रुपयेच दिले असते, पण घरचा भार ८,७०० वर आला असता. प्रत्यक्षात दर इतक्या काटेकोर प्रमाणात बदलतातच असं नाही, म्हणून दाखल होण्याआधी दरपत्रक बघावं.

सर्व खोल्यांना शस्त्रक्रियेचा दर एकच असेल, तर प्रमाणशीर कपात लावता येत नाही. तसं असतं तर वरच्या दाव्यात १,१८,००० मान्य होऊन को-पेनंतर १,१२,१०० मिळाले असते. फरक २२,८०० रुपयांचा. दर एकच असल्याचं रुग्णालयाकडून लेखी घेतलं, तर वाद झाल्यास तोच पुरावा ठरतो.

मोतीबिंदूचं गणित सोपं आहे. बिल ५५,००० असलं तरी मान्य ४०,०००, त्यातून को-पेचे २,००० वजा, हाती ३८,०००.

को-पेचा टक्का पॉलिसीनुसार बदलतो. ज्येष्ठांच्या काही योजनांत तो बराच मोठा असतो. काही योजनांत तो पत्त्यावरही ठरतो. गावच्या पत्त्यावर कमी हप्त्यात घेतलेल्या पॉलिसीवर आईवडिलांचे उपचार नवी मुंबईत झाले, तर जादा को-पे लागू शकतो. १ जानेवारी २०२४पासून पॉलिसीसोबत सुधारित नमुन्यातलं ग्राहक माहितीपत्रक द्यावं लागतं. सब-लिमिट आणि को-पे त्यात लिहिलेले असतात.

दावा निकाली निघाला की कपातीचा ओळीनुसार तपशील मागावा. तीन गोष्टी तपासाव्यात: प्रमाण औषधांना किंवा आयसीयूला लावलं आहे का, दर एकच असूनही कपात केली आहे का, आणि को-पे मंजूर रकमेऐवजी पूर्ण बिलावर काढला आहे का. चूक आढळली तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही, तर कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क लागत नाही.