मोठं कपाळ, जड भुवई आणि फेडची उंची

सलूनच्या खुर्चीत बसलेला तरुण मोबाइलवरचा फोटो दाखवतो. बाजू पार वरपर्यंत झिरो मारलेल्या आणि माथ्यावरचे केस उंच उभे केलेले. कारागीर तसाच कट उतरवतो, कुठे डाग नाही, कुठे रेघ नाही. तरीही आरशात काहीतरी खटकतं. कपाळ आधीपेक्षा मोठं दिसतं, भुवयांखालचं हाड पुढे सरकल्यासारखं वाटतं आणि डोळे आत गेलेले. कारागिराच्या हातात दोष नसतो. फोटोतल्या माणसाची कवटीच वेगळी असते.

ज्याचं कपाळ उंच किंवा रुंद आहे, किंवा डोळ्यांवरचं हाड ठळक आहे, त्याच्या कटचा निकाल कानशिलावर लागतो. भुवईच्या बाहेरच्या टोकापासून कानापर्यंतची ही जागा मुळातच थोडी आत दबलेली असते. भुवईचं हाड पुढे असेल तर तो खळगा अधिक उठून दिसतो. तिथले केस वस्तऱ्याच्या जवळ नेले की खळगा उघडा पडतो आणि शेजारचं हाड आणखी पुढे आल्यासारखं दिसतं. तिथेच सेंटीमीटरभर केस ठेवले तर खळगा भरून निघतो आणि नजर भुवईवर अडकत नाही.

इथे फेड आणि टेपर यांतला फरक कामाला येतो. दोन्हींत केस खालून वर हळूहळू वाढत जातात. फेडमध्ये खालचा भाग कातडीपर्यंत किंवा तिच्या अगदी जवळ नेतात आणि हा पट्टा डोक्याभोवती फिरतो. तो कानाच्या जरा वर थांबला तर लो फेड, कानशिलापाशी थांबला तर मिड आणि त्याच्याही वर, डोकं माथ्याकडे वळतं तिथवर गेला तर हाय. टेपरमध्ये मात्र कल्ले, कानामागची कड आणि मान एवढ्याच जागा बारीक होतात. कानशिलावरचे केस बहुतेक शाबूत राहतात. जड भुवईसाठी माझं मत टेपरच्या बाजूचं आहे. फेडच हवा असेल तर लो, आणि त्याची कातडी दिसणारी पट्टी भुवईच्या टोकाच्या पातळीपर्यंत चढू द्यायची नाही.

सलूनला जाण्याआधी आपलं कपाळ नीट ओळखायला हवं. हातात धरून काढलेली सेल्फी यासाठी निरुपयोगी आहे. इतक्या जवळून कॅमेऱ्याच्या पुढे असलेले नाक-कपाळ फुगतात आणि कान मागे पळतात. कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून एक समोरून आणि एक बाजूने फोटो काढायला सांगावं, केस मागे घेऊन. समोरच्या फोटोत चेहऱ्याचे तीन भाग पाहायचे: केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत. पहिला भाग बाकी दोन्हींपेक्षा मोठा दिसला तर कपाळ उंच. बाजूच्या फोटोत कपाळ भुवईपासून वर सरळ जातं की मागे कलतं, ते बघायचं. कलतं असेल तर केस मागे चापून बसवणं टाळावं, कारण मग तो उतार भुवईपासून माथ्यापर्यंत सलग दिसतो.

माझ्या भाच्याचं उदाहरण सांगतो. वय चोविसाचं, केस सरळ आणि दाट, कपाळ उंच आणि जरासं मागे कलतं, भुवईचं हाड भक्कम. त्याचा आग्रह हाय फेडचा होता. शेवटी आम्ही दोघांनी कारागिराला सांगितलं, ‘दादा, कानशिलावर मशीन नको, तिथे कात्री-कंगवा चालवा.’ त्याने कल्ल्यांच्या खालच्या कडेला आणि मानेवर एक नंबरची क्लिप लावली, म्हणजे साधारण 3 मिलिमीटर. त्यावर बोटभर जागेत दोन नंबर, 6 मिलिमीटरचा. त्याच्या वर थोड्या पट्ट्यात तीन नंबर, 10 मिलिमीटरच्या आसपास, आणि तिथे मशीन थांबलं. कानशिलापासून पुढे सगळं काम कंगव्यावर कात्रीने झालं. डोकं जिथे वळतं त्या कोपऱ्यावर केस जरा भरीव ठेवले.

वरच्या केसांची लांबी पुढे सुमारे 7 सेंटीमीटर आणि भोवऱ्याकडे 4 ते 5 ठेवली. हे केस पुढे आणि किंचित तिरके आणायचे होते, कपाळाचा वरचा भाग झाकला जाईल असे. झुलपांची टोकं भुवईच्या दोन बोटं वर थांबवली आणि कात्री उभी धरून कमी-जास्त कापली, म्हणजे सरळ कड तयार होत नाही. हे शेवटचं कापणं केस वाळवून केलं. ओले केस लांब भासतात, वाळल्यावर वर चढतात, कुरळे तर कितीतरी. ओल्यावर बेताचे वाटलेले झुलूप घरी पोचेपर्यंत आखूड झालेले असतात.

झुलूप भुवईपर्यंत आणून सगळं कपाळ झाकून टाकावं, असा मोह होतो. तो टाळलेला बरा. सरळ कापलेली दाट झालर भुवईला टेकली की काळ्या झालरीखाली भुवईची सावली मिसळते आणि सगळा भार डोळ्यांवर येतो. 1931 सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटात रंगभूषाकार जॅक पियर्स यांनी बोरिस कार्लोफना दिलेला चेहरा आठवून पाहा: जड भुवई आणि कपाळावर चपट बसवलेले केस. पियर्स यांना भयंकर चेहराच हवा होता. आपल्याला भुवई आणि केस यांच्यामध्ये कातडीची मोकळी पट्टी हवी. उलट टोकाला, केस सरळ वर उंच उभे केले तर कपाळाची उंची तिथेच संपत नाही, केसांनी ती आणखी वाढते.

पुढच्या रेषेला वस्तरा लावून कोपरे काढून घेण्याचीही पद्धत आहे. रुंद कपाळाला ती मारक ठरते. रेषा धारदार होते, दर वेळी थोडी मागे सरकते आणि चार दिवसांत तिच्यापुढे खुंट दिसू लागतात. ती नैसर्गिक, मऊ राहू द्यावी.

कट होताना चूक वेळीच ओळखता येते. समोर सरळ बघा. भुवईच्या टोकाच्या बरोबर वर कातडी चमकत असेल तर मशीन जास्त चढलं आहे, दुसऱ्या बाजूला तरी ते थांबवता येईल. बाजूचे आखूड केस आणि वरचे लांब केस यांच्यामध्ये छज्जा आल्यासारखा दिसत असेल तर मधला भाग कात्रीने मिसळून घ्यायला सांगावं. जास्त कापलं गेलं तर मात्र थांबण्यावाचून इलाज नाही. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, त्यामुळे कानशील पुन्हा भरायला किमान महिना जातो.

या कटला मर्यादाही आहेत. पुढचे केस विरळ होत असतील तर लांब झुलपांमधून कपाळ डोकावतं आणि विरळपणा अधिक कळतो. तिथे वरची लांबी 3-4 सेंटीमीटरवर आणावी आणि बाजू मध्यम ठेवाव्यात. पुढच्या रेषेवरच भोवरा असेल तर केस त्याच्या ओढीच्या दिशेनेच तिरके घ्यावेत, विरुद्ध वळवले तर तासाभरात फुटतात. बाकी रोजचं काम थोडं आहे. केस अर्धवट ओले असताना बोटांनी पुढे ओढत वाळवायचे, मग वाटाण्याएवढं, चमक नसलेलं क्ले तळहातांवर चोळून फक्त टोकांना लावायचं. चमकणारं जेल इथे नको, कारण त्याने केसांच्या बटा चिकटतात आणि मधून कपाळ उघडं पडतं.

कातडीपर्यंतचा फेड दोन-तीन आठवड्यांत विस्कटतो. टेपर महिनाभर नीट राहतो. पुढच्या खेपेला फक्त कल्ले, मान आणि झुलपांची टोकं करून घ्यावीत, कानशिलाला हातही लावू देऊ नये.